दोन भाऊ, एकच एलडीएल, दोन वेगळी लक्ष्यं: हार्ट अटॅकच्या आधी आणि नंतर कोलेस्टेरॉल किती खाली हवं

लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टवर एलडीएल या 'वाईट' कोलेस्टेरॉलच्या आकड्यासमोर लॅबनं एक मर्यादा छापलेली असते, बहुतेक ठिकाणी '१०० पेक्षा कमी'. आकडा ९२ आला की तो ठळक अक्षरात येत नाही, त्याच्यापुढे तारा येत नाही, आणि रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणून फाइलमध्ये जातो. ज्याला हृदयाचा कुठलाही आजार नाही, मधुमेह नाही, तंबाखू नाही, त्याच्यासाठी ९२ खरंच ठीक आहे. पण सहा महिन्यांपूर्वी ज्याची अँजिओप्लास्टी झाली, त्याच्यासाठी ९२ म्हणजे उपचार अर्ध्यावर थांबले आहेत. लॅबच्या मशीनला समोरच्या माणसाच्या छातीत स्टेंट आहे की नाही हे माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत असतं, म्हणून रिपोर्ट वाचायचं काम थोडंफार तुम्हालाही यायला हवं.

हा लेख त्यासाठीच आहे. समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. दोन सख्खे भाऊ. थोरला ५३ वर्षांचा, नुकताच हार्ट अटॅक येऊन एक स्टेंट बसलेला. धाकटा ४९ वर्षांचा, हृदयाची काही तक्रार नाही, बीपीची एक गोळी चालू, मधुमेह नाही, सिगारेट-तंबाखू नाही. थोरल्याचं रक्त अटॅकच्या दिवशी दाखल करताना घेतलं, तेव्हा एलडीएल १४२ निघालं. भावाचं पाहून धाकट्यानं तपासणी केली, तर त्याचंही १४२. (या लेखातले एलडीएलचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत, भारतात रिपोर्ट तसेच येतात.)

पायरी १ : आपण कोणत्या बाजूला आहोत ते ठरवा

रेषा एकच आहे: रक्तवाहिन्यांमध्ये चरबीचा थर साचल्यामुळे आजवर काही घडलं आहे का? हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास, चरबीच्या थरामुळे आलेला पक्षाघात, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन चालताना पोटऱ्या दुखणं, यातलं एकही असेल तर तुम्ही रेषेच्या पलीकडे आहात. डॉक्टर याला 'सेकंडरी प्रिव्हेन्शन' म्हणतात. यातलं काहीच झालं नसेल तर 'प्रायमरी प्रिव्हेन्शन'.

इथे दोन गैरसमज वारंवार भेटतात. पहिला असा की, 'मला अटॅक आला नव्हता, नुसतं चालताना छातीत भरून यायचं म्हणून स्टेंट टाकला, म्हणजे मी त्या गटात नाही.' आहात. अटॅक न येता स्टेंट बसला तरी लक्ष्य पलीकडच्या गटाचंच लागू होतं, कारण अडथळा चरबीच्या थराचाच होता.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: स्टेंट बसला, ब्लॉक गेला, आता नळी मोकळी. स्टेंट ही साधारण दोन-तीन सेंटिमीटर लांबीची जाळी असते. ती तेवढाच तुकडा उघडा ठेवते. हृदयाच्या तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांच्या उरलेल्या लांबीत थर आहे तसाच असतो, आणि पुढचा अटॅक बऱ्याचदा अशाच दुसऱ्या जागेवरून येतो, अँजिओग्राफीत जिथे ३०-४० टक्केच अडथळा दिसला होता तिथूनही. स्टेंट त्या दिवशी जीव वाचवतो. उरलेल्या लांबीची काळजी औषधांनीच घ्यावी लागते, आणि त्यात एलडीएल उतरवणाऱ्या औषधांचा वाटा फार मोठा.

मधली एक जागाही आहे. अटॅक नाही, स्टेंट नाही, पण दुसऱ्याच कारणानं केलेल्या सीटी अँजिओग्राफीत हृदयाच्या नळीत चांगलाच थर दिसला. अशा माणसाला 'अजून काही झालेलं नाही' म्हणून पहिल्या गटात सोडून देऊ नये. थर किती आणि कुठे आहे ते पाहून डॉक्टर त्याचं लक्ष्य बरंच खाली आणतात.

पायरी २ : लक्ष्याचा आकडा लिहून काढा

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्ये भारतीयांसाठी लिपिडची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार सर्वसाधारण आणि कमी जोखमीच्या लोकांचं एलडीएल १०० च्या खाली, जास्त जोखमीच्या लोकांचं ७० च्या खाली, आणि अति-जोखमीच्या लोकांचं ५५ च्या खाली हवं. अटॅक, स्टेंट, बायपास झालेले सगळे या शेवटच्या गटात येतात. युरोपातली २०१९ ची तत्त्वंही ५५ च सांगतात. त्यांची आणखी एक अट आहे, जी इथे बऱ्याचदा निसटते: उपचारापूर्वी जे एलडीएल होतं ते किमान निम्म्यावर आलं पाहिजे. म्हणजे एखाद्याला अटॅक आला तेव्हा एलडीएल मुळातच ७६ होतं, तर औषधानं ते ५४ वर आलं एवढ्यावर काम संपलं नाही. निम्मं म्हणजे ३८.

लिपिड असोसिएशन ऑफ इंडिया आणखी कडक आहे. अति-जोखमीच्या गटासाठी ते ५० च्या खाली म्हणतात, आणि त्याहूनही गंभीर रुग्णांसाठी ३० पर्यंत उतरायला सांगतात. एकदा अटॅक येऊन गेल्यावर उपचार चालू असतानाच दोन वर्षांच्या आत दुसरा झटका आला, तर युरोपची तत्त्वंही ४० च्या खाली जायचा विचार करा म्हणतात.

परदेशातल्या नातेवाइकांचे रिपोर्ट पाहून गोंधळ होतो, म्हणून थोडं त्याबद्दल. ब्रिटनमध्ये कोलेस्टेरॉल मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. ते ३८.७ नं गुणलं की आपला आकडा मिळतो. तिथल्या नाइस या संस्थेनं २०२३ च्या शेवटी सेकंडरी प्रिव्हेन्शनसाठी २.० मिलिमोलपर्यंतचं लक्ष्य ठरवलं, म्हणजे आपले साधारण ७७. हे ५५ पेक्षा बरंच वर आहे. त्याचं कारण असं की तो आकडा ठरवताना सरकारी आरोग्यसेवेला उपचारांचा खर्च कितपत परवडतो याचाही हिशेब धरलेला आहे. लंडनच्या मावसभावाला ७५ वर 'छान आहे' म्हणाले, म्हणून पुण्यातल्या स्टेंटवाल्यानं ७५ वर थांबू नये.

आता आपले भाऊ. थोरल्याचा प्रश्न मिटला: ५५ च्या खाली. अटॅक आला हीच एक गोष्ट पुरे, बाकी काही मोजायची गरज नाही.

धाकट्यासाठी मात्र मोजावं लागतं. लिपिड असोसिएशनची पद्धत सोपी आहे, कागदावर करता येते. मोठे धोके मोजायचे: पुरुषाचं वय ४५ किंवा जास्त (स्त्रीचं ५५ किंवा जास्त), तंबाखू कुठल्याही रूपात, उच्च रक्तदाब, एचडीएल म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल कमी असणं, आणि घरात लवकर आलेला हृदयविकार. 'लवकर' म्हणजे वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत. शून्य किंवा एक धोका असेल तर कमी जोखीम, दोन असतील तर मध्यम, तीन किंवा जास्त असतील तर जास्त जोखीम. मधुमेह, किडनीचा आजार किंवा १९० च्या वरचं एलडीएल असेल तर हे मोजणं बाजूला राहतं, कारण त्यातलं एकही माणसाला थेट वरच्या गटात नेतं. १९० च्या वर असेल तर तो आनुवंशिक आजार असू शकतो आणि घरातल्या मुलांचीही तपासणी करावी लागते.

धाकट्याचं वय ४९, हा एक. बीपी, दोन. थोरल्याला ५३ व्या वर्षी अटॅक, तीन. 'मला काहीच होत नाही' म्हणणारा हा माणूस जास्त जोखमीच्या गटात बसतो आणि त्याचं लक्ष्य ७० च्या खाली येतं. थोरल्याला अटॅक ५७ व्या वर्षी आला असता तर हाच धाकटा मध्यम गटात, १०० च्या लक्ष्यावर राहिला असता.

हा फरक का, एवढं समजून घ्या

एलडीएल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातल्या गोळ्यांच्या अनेक मोठ्या अभ्यासांचा एकत्र हिशेब केल्यावर एक गोष्ट ठामपणे पुढे आली: एलडीएल साधारण ३९ नं कमी झालं की हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना साधारण २२ टक्क्यांनी कमी होतात. हे प्रमाण दोन्ही बाजूंच्या लोकांना जवळपास सारखंच लागू होतं. फरक पडतो तो मुळातल्या धोक्यात.

समजा, थोरल्यासारख्या शंभर माणसांपैकी वीसजणांना पाच वर्षांत पुन्हा काहीतरी होणार आहे. त्या विसातले २२ टक्के म्हणजे चारपेक्षा जास्त माणसं वाचली. धाकट्यासारख्या शंभरांपैकी पाचजणांना होणार असेल, तर त्याच औषधानं वाचलं जेमतेम एक माणूस. (२० आणि ५ हे आकडे केवळ हिशेबासाठी धरले आहेत.) गोळी तीच, खर्च तोच, पण थोरल्याच्या बाजूला ती चौपट कामाला येते. म्हणून त्याच्या बाबतीत ६५ वरून ५० वर जायलाही दुसरं औषध जोडण्यात अर्थ आहे. धाकट्याच्या बाबतीत तेवढ्याशा उतारासाठी औषधं वाढवायची का, हा डॉक्टरांशी बसून बोलायचा विषय आहे.

खाली जाण्याचा फायदा कुठे थांबतो हेही तपासलं गेलं आहे. २००४ मध्ये अटॅकनंतरच्या रुग्णांच्या एका अभ्यासात एका गटाचं एलडीएल ९५ च्या आसपास आणि दुसऱ्याचं ६२ च्या आसपास ठेवलं, तेव्हा ६२ वाला गट चांगला राहिला. २०१५ मध्ये इम्प्रूव्ह-इट या अठरा हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात स्टॅटिनला इझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडून ७० ऐवजी ५४ च्या आसपास आणलं, तेव्हाही पुन्हा फायदा दिसला, थोडा पण पक्का. २०१७ च्या फुरिए अभ्यासात इंजेक्शननं ३० वर आणलं, तरी घटना आणखी कमी झाल्या. ५५ हा आकडा या वाटेवरूनच आलेला आहे.

'इतकं खाली गेल्यावर मेंदूला कोलेस्टेरॉल कुठून मिळणार?' हा प्रश्न रुग्ण विचारतात आणि तो रास्त आहे. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो, रक्तातल्या एलडीएलवर त्याची भिस्त नसते. फुरिएमधल्याच काही रुग्णांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती वेगळी तपासली होती. इंजेक्शन घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत फरक आढळला नाही.

पायरी ३ : रिपोर्टमधला एलडीएल खरा आहे का ते पाहा

लक्ष्य ५५ असताना पाच-दहा आकड्यांची चूकही महत्त्वाची ठरते. बऱ्याच लॅब एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, गणितानं काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइड्स या रक्तातल्या दुसऱ्या चरबीचा पाचवा भाग वजा करायचा, उरलं ते एलडीएल. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर हे गणित चालतच नाही. पण त्याच्या बरंच आधीही ते फसवतं, विशेषतः एलडीएल खाली आणि ट्रायग्लिसराइड्स वर असतील तेव्हा. भात, पोळी, साखर यांवर चालणाऱ्या आणि पोटाचा घेर वाढलेल्या आपल्या लोकांत हेच चित्र जास्त दिसतं.

एक रिपोर्ट घ्या. एकूण कोलेस्टेरॉल १५०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड्स २८५. गणित: १५० वजा ३८ वजा ५७, म्हणजे एलडीएल ५५. लक्ष्याला टेकलो असं वाटतं. आता याच रिपोर्टवर दुसरी वजाबाकी करा: एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा. १५० वजा ३८ म्हणजे ११२. याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि नळीत थर साचवणारं सगळं कोलेस्टेरॉल यात येतं. अटॅकनंतरच्या गटात हे ८५ च्या खाली हवं. म्हणजे ५५ च्या मागे बराच माल लपलेला होता. नॉन-एचडीएलला वेगळे पैसे पडत नाहीत आणि उपाशीपोटी रक्त द्यावं लागत नाही. जास्त जोखमीच्या गटात ते १०० च्या खाली आणि कमी जोखमीत १३० च्या खाली हवं, म्हणजे प्रत्येक वेळी एलडीएलच्या लक्ष्यात तीस मिळवायचे. ट्रायग्लिसराइड्स दीडशेच्या वर असतील तर मी स्वतः आधी हाच आकडा पाहतो.

रक्त कधी घेतलं हेही बघा. अटॅकनंतर एक-दोन दिवसांनी एलडीएल आपोआप थोडं खाली येतं आणि काही आठवडे तसंच राहू शकतं. म्हणून मुळातला आकडा हवा तर तो दाखल झाल्यावर पहिल्या २४ तासांतल्या नमुन्याचा धरावा. डिस्चार्ज कार्डावर तो लिहिलेला नसेल तर इनडोअर पेपरमधून मागून घ्या. 'निम्म्यावर आलं का' हे ठरवायला पुढे तोच लागतो.

आयुष्यात एकदा करायची एक तपासणी आहे, लिपोप्रोटीन-ए. ती अनुवंशानं ठरते, खाण्यानं फारशी बदलत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढलेला समजतात आणि एलडीएलबाबत जास्त कडक राहतात. धाकट्यासारख्या, घरात लवकर अटॅक आलेल्या माणसानं ती जरूर करावी.

पायरी ४ : किती टक्के उतरायचं आहे ते काढा, मग औषध

औषधाची निवड आणि डोस डॉक्टरच ठरवणार. पण हिशेब तुम्हाला येत असेल तर चिठ्ठीवरचं औषध पुरेसं आहे का, हे तुम्हाला विचारता येतं.

थोरला १४२ वर आहे, जायचं आहे ५५ च्या खाली. ८७ उतरायचे, म्हणजे ६१ टक्के. आता औषधांची ताकद पाहा. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम एलडीएल साधारण ३७ टक्के उतरवते, ४० मिलिग्रॅम ४८ टक्के, ८० मिलिग्रॅम ५५ टक्के. रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम साधारण ४६ टक्के, २० मिलिग्रॅम ५२ टक्के. ही सरासरी आहे. प्रत्येकाचं शरीर वेगळा प्रतिसाद देतं, म्हणून पुढे रिपोर्ट करावाच लागतो.

इथे एक गोष्ट ध्यानात येते. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी उतार फक्त सहा-सात टक्क्यांनी वाढतो. थोरल्याला ४० वर ठेवलं तर १४२ चे ७४ होतील. ८० केले तर ६४. दोन्ही ठिकाणी ५५ दूरच. पण ८० च्या जोडीला इझेटिमाइब १० मिलिग्रॅम दिलं तर उरलेल्या ६४ मधून आणखी साधारण २० टक्के जातात आणि आकडा ५१ वर येतो. इझेटिमाइब वेगळ्या वाटेनं काम करतं. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणं रोखतं, तर इझेटिमाइब आतड्यातून ते रक्तात शिरू देत नाही. म्हणून दोघांचा परिणाम जोडला जातो. आपल्याकडे ते महागही नाही, दोन्ही औषधांची एकत्र गोळी मिळते. ६१ टक्के उतरायचे आहेत हे पहिल्याच दिवशी दिसत असेल, तर दोन्ही सुरुवातीपासून दिलेली बरी असं माझं स्पष्ट मत आहे. अटॅकनंतरचे पहिले काही महिने सर्वांत जोखमीचे असतात. ते एकेक पायरी चढण्यात घालवायचे कशाला?

एवढ्यानं भागलं नाही तर पुढे बेम्पेडोइक अ‍ॅसिडची गोळी आहे, ती आणखी पंधरा-वीस टक्के उतरवते. त्यापुढे इंजेक्शनं आहेत. इव्होलोक्युमॅब दोन आठवड्यांनी किंवा महिन्याला एकदा घेतात. इन्क्लिसिरान पहिल्या दिवशी, मग तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी. ही एलडीएल आणखी पन्नास टक्क्यांनी किंवा जास्त खाली आणतात, पण खर्च मोठा आहे. म्हणून गोळ्या पूर्ण डोसनं आणि रोज घेऊनही आकडा वर राहतो हे आधी खात्रीनं ठरलं पाहिजे.

धाकट्याचं गणित वेगळं. १४२ वरून ७० खाली, म्हणजे साधारण ५१ टक्के. रोसुव्हास्टॅटिन १० नं तो ७७ वर येईल. बाकीचं खाण्यातून भरून काढायला त्याला वाव आहे: वनस्पती तूप आणि पामतेलात तळलेलं बंद, लोणी-तूप-साय मोजून, रोज डाळी-उसळी-भाज्या, पाच-सहा किलो वजन कमी. एवढं नेटानं केलं तर एलडीएल दहा टक्क्यांच्या आसपास उतरू शकतं आणि तो ७० च्या जवळ पोचतो. नुसत्या पथ्यावर १४२ चे ७० मात्र होत नाहीत, हे त्याला आधीच सांगायला हवं. नाहीतर तो सहा महिने उपाशी राहील आणि निराश होईल.

धाकटा म्हणाला, 'मला आयुष्यभर गोळी नको, आधी खात्री करा,' तर त्याच्यासाठी कॅल्शियम स्कोअर नावाचा साधा सीटी स्कॅन आहे. हृदयाच्या नळ्यांत कॅल्शियम साचलंय का ते त्यात दिसतं. शंभर किंवा जास्त आलं तर गोळीबद्दल वाद उरत नाही. शून्य आलं तर थोडं थांबून पाहण्याची मोकळीक मिळते. पण शून्य म्हणजे थर नाहीच असं नव्हे, कोवळ्या थरात कॅल्शियम नसतं आणि आपल्याकडे कमी वयात तसा थर आढळतो. थोरल्यानं हा स्कॅन करायची काहीच गरज नाही. त्याला आजार आहे हे आधीच ठरलेलं आहे.

पायरी ५ : सहा आठवड्यांनी परत रक्त, आणि मग काय

औषध सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर चार ते सहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा, सोबत यकृताची तपासणी. तेवढ्या वेळात औषधाचा पूर्ण परिणाम दिसतो. थोरल्याचा आकडा ५१ च्या आसपास आला तर औषध तेच ठेवायचं आणि पुढची तपासणी काही महिन्यांनी. अपेक्षेपेक्षा बराच वर आला, समजा ९०, तर डोस वाढवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: गोळी रोज घेतली का? स्टॅटिन थांबवलं की काही आठवड्यांत एलडीएल जुन्या जागी परततं, त्यामुळे सुटलेल्या गोळ्या रिपोर्टमध्ये लगेच दिसतात. रोज घेऊनही वर असेल तर थायरॉइड तपासावं. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतं आणि स्टॅटिननं स्नायू दुखायची शक्यताही वाढते.

अंगदुखीबद्दल नीट बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त गोळ्या तिच्यामुळेच सुटतात. दुखणं खरं असतं, पण प्रत्येक वेळी ते गोळीचं नसतं. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात स्टॅटिननं त्रास होतो म्हणून ज्यांनी ती सोडली होती, त्यांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं. त्रासाचा सुमारे नव्वद टक्के भाग औषध नसलेल्या गोळीनंही झाला. तरीही दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे दुखत असतील, अशक्तपणा असेल, लघवी गडद लाल-तपकिरी होत असेल तर वाट न बघता डॉक्टरांना सांगा. ते सीके नावाची रक्ततपासणी करतील. बहुतेकांना डोस कमी करून, स्टॅटिन बदलून आणि इझेटिमाइब जोडून मार्ग सापडतो.

यकृताचे एन्झाइम्स थोडे वाढले तर घाबरायचं कारण नसतं, नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त वाढले तर डॉक्टर औषधाचा फेरविचार करतात. स्टॅटिननं काहींची साखर थोडी वाढते हे खरं आहे, मधुमेहाच्या काठावर असलेल्यांत जास्त. थोरल्याच्या बाजूला फायदा इतका मोठा आहे की त्यासाठी गोळी सोडू नये. धाकट्यानं साखर अधूनमधून तपासत राहावं. छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं जात असेल तर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन चालू आहे हे तिथल्या डॉक्टरांना सांगा, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तातलं स्टॅटिन वाढतं. गरोदरपण ठरवत असलेल्या स्त्रीनं आधी डॉक्टरांशी बोलावं, त्या काळात स्टॅटिन सहसा बंद ठेवतात. पंचाहत्तरीच्या पुढे धाकट्याच्या बाजूच्या माणसाला नव्यानं गोळी सुरू करायची का, हे प्रकृती पाहून ठरवतात.

गाडी कुठे रुळावरून उतरते

अटॅकनंतर पहिले काही महिने सगळं नीट चालतं. मग एक रिपोर्ट येतो, एलडीएल ५०. गावातला कोणीतरी, कधी डॉक्टरही, म्हणतो, 'खूपच कमी झालं, गोळी अर्धी करा.' ५० हे गोळीमुळे आलेलं आहे आणि तेच लक्ष्य होतं. बीपीची गोळी घेऊन बीपी १२० झालं म्हणून आपण ती बंद करत नाही. ज्यांनी स्टेंट टाकला त्या कार्डिऑलॉजिस्टला विचारल्याशिवाय डोस कमी करू नका.

दुसरी जागा लक्षात येणं अवघड आहे, म्हणून ती नीट पाहा. आपल्याकडे स्टेंटनंतर बऱ्याचदा एकच कॅप्सूल लिहून देतात, तिच्यात तीन औषधं असतात: रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आणि स्टॅटिन. सोयीचं आहे, गोळ्या कमी होतात. पण त्यातल्या स्टॅटिनचा डोस बऱ्याचदा १० किंवा २० मिलिग्रॅम असतो, म्हणजे थोरल्याच्या ६१ टक्क्यांना अपुरा. शिवाय सहा महिन्यांनी किंवा वर्षानं कार्डिऑलॉजिस्ट क्लोपिडोग्रेल थांबवतात आणि कॅप्सूलच्या जागी नुसती अ‍ॅस्पिरिन लिहितात. त्या कॅप्सूलबरोबर स्टॅटिनही निघून गेलं, हे रुग्णाच्या किंवा घरच्यांच्या लक्षात येत नाही. तीन महिन्यांनी एलडीएल १४० च्या घरात परतलेलं असतं आणि छातीत काही होईपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. चिठ्ठी बदलली की जुनी कॅप्सूल आणि नवं पाकीट शेजारी धरून मागची बारीक अक्षरं वाचा. नव्या पाकिटांमध्ये कुठेतरी नावाच्या शेवटी 'स्टॅटिन' असलेलं औषध दिसलंच पाहिजे. दिसलं नाही तर दुकानातून बाहेर पडण्याआधी दवाखान्यात फोन करा.